कंपनी लिक्विडेशनमध्ये, गाळा कुलूपबंद: मालकाने किती काळ थांबायचं?

गाळामालक, हडपसर
माझा गाळा एका कपड्यांच्या कंपनीला पाच वर्षांच्या लीव्ह अँड लायसन्सवर दिला होता. भाडं महिना ८० हजार, डिपॉझिट ४ लाख ८० हजार. पाच महिने भाडं थकलं, मग एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, दिवाळखोरीची केस दाखल झाली. ती नऊ महिने चालली आणि दोन महिन्यांपूर्वी कंपनीची मालमत्ता विकून देणी वाटायला लिक्विडेटर नेमला गेला. शटरला आता त्याचं कुलूप आहे, आत रॅक आणि थोडा माल. करार अजून दीड वर्ष शिल्लक. जागा माझी आहे, मग कुलूप काढून नवा भाडेकरू का बसवू नये? तुमचं मत सांगा.

रास्तापेठी
बसवाच. केस चालू असताना वसुलीला आणि ताबा घ्यायला मनाई, म्हणजे मोरॅटोरियम असतो, तोवर मालकाचे हात बांधलेले असतात हे मान्य. पण लिक्विडेशनचा आदेश आला की मोरॅटोरियम संपतो, हे दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ मध्येच लिहिलंय. आता ती कंपनी म्हणजे साधा थकबाकीदार भाडेकरू. एक नोटीस द्या, पंधरा दिवस थांबा, दोन पंच बोलवा, मालाची यादी करा आणि ताबा घ्या. जास्तीत जास्त कोर्टात जागा खाली करण्याचा दावा लावावा लागेल. सज्जन माणसंच अशा वेळी वर्षानुवर्षं अडकतात, याचा मला खरंच संताप येतो.

अर्थवेध
रास्तापेठी, मोरॅटोरियम संपतो हे बरोबर, पण त्याच दिवशी कलम ३३(५) लागू होतं. लिक्विडेशनचा आदेश झाल्यावर कंपनीविरुद्ध नवा दावा दाखल करता येत नाही. आधीपासून चालू असलेला दावा पुढे नेता येतो, कारण कायद्याने बंदी घातली आहे ती नवीन दाखल करण्यावर. त्यामुळे लघुवाद न्यायालयात आज दावा लावलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे कलम पुढे करेल. रस्ता एनसीएलटीतूनच जातो, कलम ६०(५) खाली अर्ज करून.

कुलूप तर अजिबात तोडू नका. आतले रॅक आणि माल कंपनीचे आहेत. ते विकून आलेला पैसा कामगार, बँका आणि बाकी सगळ्यांत वाटला जायचा आहे. तुम्ही कुलूप काढलंत की लिक्विडेटर तुमच्याविरुद्ध अर्ज करतो आणि मग भाड्याचा प्रश्न बाजूला पडून माल कुठे गेला हा प्रश्न उभा राहतो. मी असे अर्ज पाहिले आहेत. मालकाचं म्हणणं न्याय्य असूनही त्याला वर्षभर खुलासे देत बसावं लागतं.

गोरेगावच्या पत्रा चाळीचं उदाहरण बघा. तिथे कंपनीचा करार संपवून जागा परत घ्यायला म्हाडा गेली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोरॅटोरियम चालू असताना, कंपनीच्या वहिवाटीत असलेली जागा मालकालाही काढून घेता येणार नाही. म्हाडासारख्या सरकारी संस्थेला थांबावं लागलं, तर तुम्ही आम्ही काय.

पण यात एक दिलासाही आहे. गाळा तुमचाच राहतो. कलम ३६(४) प्रमाणे, कंपनीच्या ताब्यात असलेली पण दुसऱ्याच्या मालकीची मालमत्ता लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरली जात नाही. लिक्विडेटर गाळा विकू शकत नाही. तुमचं भांडण ताबा कधी आणि भाडं किती एवढ्यापुरतंच आहे.

चाकणवाला
इथे मला थोडं वेगळं वाटतं. आमच्या शेजारचा कारखाना लिक्विडेशनमध्ये गेला तेव्हा लिक्विडेटरने लीजच विकलं. एमआयडीसीचा ९५ वर्षांचा भाडेपट्टा होता. लिलाव झाला, एमआयडीसीने हस्तांतराचे पैसे घेतले आणि नव्या मालकाने शेड ताब्यात घेतली. म्हणजे लीज ही मालमत्ताच झाली. उद्या तुमच्या कराराचंही तसंच केलं आणि एखादा भलताच माणूस गाळ्यात येऊन बसला तर?

अर्थवेध
चाकणवाला, तुमच्या शेजारच्या कारखान्यात तसं झालं असेल, कारण तिथे खरा भाडेपट्टा होता आणि त्याला बाजारात किंमत होती. इथे लीव्ह अँड लायसन्स आहे. त्यात कंपनीला जागेत कुठलाही हक्क मिळत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. ती व्यक्तिगत असते आणि एरवी दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे लिक्विडेटरकडे विकण्यासारखं काही नाही. गाळामालक, तरी करारात 'हस्तांतर' किंवा 'सब-लायसन्स' असे शब्द आहेत का ते पुन्हा वाचा. मोठ्या ब्रँडच्या छापील मसुद्यात अशी कलमं सापडतात.

माजी स्टोअर मॅनेजर
मला दुसरी बाजू मांडायची आहे. अशाच एका कंपनीच्या दुकानात मी काम करत होते. लिक्विडेशनचा आदेश झाला त्या दिवशी आम्हा सगळ्यांची नोकरी गेली, कारण तो आदेश म्हणजेच कामावरून काढल्याची नोटीस धरली जाते. थकलेला पगार आजवर मिळालेला नाही. गाळामालकांकडे निदान डिपॉझिट आहे, आमच्याकडे काय आहे? दुकानातला माल शांतपणे, नीट भावाला विकला गेला तर आम्हाला चार पैसे मिळतील. प्रत्येक मालकाने 'महिन्याभरात उचला' म्हटलं तर तो भंगाराच्या भावाने जाईल. थोडं थांबणं ही फार मोठी मागणी आहे का?

रास्तापेठी
ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण तुमचा पगार बुडवला कंपनीने, त्याची भरपाई गाळेवाल्याने फुकट जागा देऊन का करायची? त्यालाही सोसायटीचा मेंटेनन्स आणि मिळकतकर भरावा लागतोच. आणि मोठ्यांसाठी नियम कसे बदलतात तेही बघा. विमान भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून मोरॅटोरियममधून वगळलं. गाळेवाल्यासाठी अशी अधिसूचना कोण काढणार?

अर्थवेध
फुकट जागा द्यावी असं कायदाही म्हणत नाही, आणि बहुतेक मालकांना नेमकं हेच माहीत नसतं. भाड्याचे तीन तुकडे करा.

पहिला तुकडा, केस दाखल करून घेतली त्याआधीचे पाच महिने. जीएसटी धरून ४ लाख ७२ हजार. हे जुनं देणं. धंद्यासाठी दिलेल्या जागेचं भाडं ऑपरेशनल देणं ठरतं, असं एनसीएलएटी या वरच्या अपील न्यायाधिकरणाच्या पाच सदस्यांच्या खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. पण कलम ५३ च्या वाटपात ते कामगार, बँका, कर्मचारी आणि सरकारी देणी यांच्या खाली येतं. तिथवर पैसा क्वचितच पोचतो.

दुसरा तुकडा, मधले नऊ महिने. ७ लाख २० हजार आणि त्यावर जीएसटी. त्या काळात मोरॅटोरियममुळे तुम्हाला जागा परत घेता येत नव्हती. अशा मालकाचं येणं हा दिवाळखोरी प्रक्रियेचा खर्च धरला जातो, तसा नियम ३१ आहे. वाटपात हा खर्च सगळ्यात वर असतो, कामगारांच्याही आधी. पण तो मागावा लागतो.

तिसरा तुकडा, लिक्विडेटरचं कुलूप लागल्यापासूनचे दोन महिने. कंपनीचा माल ठेवायला तो जागा वापरतोय, म्हणून हा लिक्विडेशनचा खर्च. त्याचं बिल दर महिन्याला थेट लिक्विडेटरच्या नावे पाठवा.

आता डिपॉझिट. लिक्विडेशनच्या नियम २९ प्रमाणे दोन्ही बाजूंची देणीघेणी एकमेकांत वळती करता येतात. आधीच्या टप्प्यात, म्हणजे मधल्या नऊ महिन्यांत, हे अवघड होतं. भारती एअरटेलच्या प्रकरणात जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या टप्प्यातली वजावट मोजक्या अपवादांपुरतीच ठेवली. आता मार्ग मोकळा आहे. तुमचे ४ लाख ८० हजार पहिल्या तुकड्यातच वळते करून मागा. वरच्या रांगेतलं भाडं आधी वळतं केलंत, तर खालचे पावणेपाच लाख बुडाले म्हणून समजा. उरलेले ८ हजार लिक्विडेटरला हिशेबात दाखवा.

रिझोल्यूशन कार्यालय
मी लिक्विडेटरच्या बाजूने काम करतो, म्हणून दोन ठिकाणी असहमती नोंदवतो. पहिली, मधल्या नऊ महिन्यांत दुकान बंद होतं आणि मालकाने एकही पत्र दिलं नसेल, तर आम्ही ते पूर्ण भाडं खर्चात सहजासहजी धरत नाही. जागा प्रक्रियेसाठी लागली का, तिथे माल होता का, किती होता, हे बघतो. दुसरी, डिपॉझिट कुठल्या भाड्यात वळतं करायचं हे मालकाने एकट्याने ठरवायचं नसतं. आम्ही ते आधी चालू खर्चाच्या भाड्यात धरायचा आग्रह धरतो, कारण वाचलेला पैसा बाकीच्या घेणेकऱ्यांचा असतो.

अर्थवेध
डिपॉझिटच्या क्रमावर आपलं एकमत होणार नाही. मला तुमचा आग्रह चुकीचा वाटतो, आणि माझ्या अशिलांसाठी मी तो एनसीएलटीत लढवतो. पण पत्राचा मुद्दा खरा आहे. गप्प बसलेल्या मालकाचं भाडं पहिलं कापलं जातं.

म्हणून गाळामालक, उद्याच रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने लिक्विडेटरला एक प्रश्न विचारा: हा करार तुम्ही ठेवणार की सोडणार? नियम १० प्रमाणे तोट्याचा करार सोडून देण्यासाठी त्याला एनसीएलटीत अर्ज करता येतो, साधारण पहिल्या सहा महिन्यांत. तुम्ही लेखी विचारल्यावर महिन्याभरात त्याने काय करणार ते कळवलं नाही, तर तो अर्ज करायचा मार्ग त्याला बंद होतो. मग करार त्याच्या गळ्यात राहतो आणि चालू भाडं मागताना तुमची बाजू भक्कम होते. सोडतो म्हणाला तर ताबा परत घ्यायची तारीख लेखी घ्या आणि माल उचलताना स्वतः हजर राहा.

माजी स्टोअर मॅनेजर
आमच्या दुकानात असंच झालं होतं, नंतर कळलं. लिक्विडेटरने सगळ्या दुकानांतला माल एका गोदामात हलवला आणि गाळे मोकळे केले. एका गोदामाचं भाडं बऱ्याच गाळ्यांपेक्षा स्वस्त पडलं. हे आधी का सुचवलं जात नाही?

रिझोल्यूशन कार्यालय
सुचवतात, पण ट्रक आणि हमालीला हातात रोख लागते. खात्यात काहीच नसेल तर मालाचा पहिला लॉट विकेपर्यंत आम्हीही अडकलेले असतो. मालकाने स्वतःची जवळची रिकामी जागा देऊ केली तर यादी आणि सह्या करून माल तिथे हलवता येतो. मी तसं केलेलं आहे.

रास्तापेठी
उरलेल्या दीड वर्षाच्या भाड्याचं काय? करारात लॉक-इन असेल तर तेही मागता येईल ना?

अर्थवेध
क्लेममध्ये लिहिता येईल, पण तो खालच्या रांगेत जाईल. शिवाय प्रत्यक्ष नुकसान किती झालं हे दाखवावं लागेल. हडपसरला तीन महिन्यांत दुसरा भाडेकरू मिळाला तर पूर्ण दीड वर्षाचं भाडं कोणी मान्य करणार नाही. त्यापेक्षा एक गोष्ट तपासा: संचालकाने करारावर वैयक्तिक हमी दिली होती का? कंपनीचा मोरॅटोरियम हमीदाराला वाचवत नाही. त्याच्यावर स्वतंत्र दावा करता येतो.

आणि क्लेम भरलाय का? लिक्विडेशन सुरू झाल्यापासून ३० दिवसांची मुदत असते, तुम्ही दोन महिने म्हणता.

गाळामालक, हडपसर
पहिल्या नऊ महिन्यांत क्लेम दिला होता, पण फक्त जुन्या पाच महिन्यांचा. मधल्या भाड्याचं कोणी सांगितलंच नाही. ईमेल मात्र तीन-चार केले होते आणि आत माल असल्याचे फोटो आहेत. करारावर संचालकाची सही कंपनीतर्फे आहे, हमी म्हणून वेगळी सही दिसत नाही. कुलपाला हात लावत नाही. पत्र उद्या टाकतो. मागे एक रिकामी खोली आहे, माल तिथे हलवायची तयारीही त्यातच कळवतो. मधल्या नऊ महिन्यांच्या मागणीला ते ईमेल पुरेसे ठरतील का, की एनसीएलटीत अर्ज करावाच लागेल?

रिझोल्यूशन कार्यालय
फोटोंवर तारखा असतील तर आमच्या कार्यालयात तरी त्यांचा विचार होतो. पण रक्कम अमान्य झाली तर अर्जाशिवाय पर्याय नाही, आणि अर्ज जाईल तो कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या एनसीएलटीत. ते बंगळुरूला असेल तर वकीलही तिथलाच बघा.