विषय: व्हीआर हेडसेट, वायरवाला की बिनवायरचा? (रविवारच्या आत)

नीलिमा:
मंडळी, रविवारपर्यंत ठरवायचंय म्हणून घाईत लिहितेय. अथर्वसाठी हेडसेट घ्यायचाय. गेमिंग लॅपटॉप घरात आहेच, तर हे म्हणतात पीसीला जोडायचाच घेऊ. मला पायात येणारी वायर नको. खोलीत मोकळी जागा २.२ मीटर बाय २ मीटर आहे. दोन बाजूंना भिंत, एकीकडे पलंग, चौथ्या बाजूला दार. पुरेल ना?

वैभव:
पीसीचाच घ्या. तो बिनवायरचा मेटा क्वेस्ट, त्याच्या आत शेवटी मोबाइलचाच प्रोसेसर. जागेचं काय, २ बाय २ सांगतात, तुमच्याकडे आहे की.

सुधाकरकाका:
मंडळाचा हॉल मागताय का? किल्ली उपकरण समितीकडेच राहील. प्रोजेक्टरचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

श्रीरंग:
काका, हॉल कुणी मागितलेला नाही.
वैभव, क्वेस्ट ३ एकटाही चालतो आणि केबलने किंवा वायफायने पीसीलाही जोडता येतो. फक्त तेव्हा चित्र दाबून पाठवलं जातं, ते अंधाऱ्या दृश्यांत कळतं. व्हॉल्व्ह इंडेक्सला चित्र डिस्प्लेपोर्टमधून थेट मिळतं. पण नीलिमाताई, पुष्कळ लॅपटॉपना ते पोर्टच नसतं आणि एचडीएमआयला साधा अडॅप्टर लावून भागत नाही. आधी ते बघा.

जागेचं म्हणाल तर हेडसेटमध्ये खेळायच्या जागेची हद्द आखतात ना, ती बाउंड्री भिंतीला चिकटवून आखू नका. हद्दीजवळ गेलं की डोळ्यांसमोर जाळी येते, पण जोरात हात फिरवला की ती दिसेपर्यंत कंट्रोलर भिंतीवर आदळलेला असतो. निदान ३० सेंटीमीटर आत आखा. म्हणजे भिंत आणि पलंग या दोन्हींकडून सोडून २.२ चे १.६ उरतात, आणि समोरच्या भिंतीकडून सोडून २ चे १.७. दार खेळताना बंद ठेवा, नाहीतर कुणीतरी आत येऊन मार खाईल. एवढ्यात जागेवर उभं राहून खेळायचे गेम मजेत होतात, चालत फिरायचे नाहीत. आणि बाउंड्री वरचं काही बघत नाही. हात उंच करून दिवा किंवा पंखा लागतोय का, ते आधी पाहा.

मेघना:
आमच्याकडे मध्ये छोटी सतरंजी टाकलीये. पायाला काठ लागला की भरकटलो हे कळतं, जाळीपेक्षा लवकर. बाकी मला स्टिकने चालायचे गेम झेपत नाहीत, पोटात ढवळतं. अथर्व किती वर्षांचा? क्वेस्टवर १० च्या खाली खातं काढता येत नाही.

सुधाकरकाका:
मंडळाची सतरंजी कुणी नेली आहे का?

नीलिमा:
अथर्व ११ चा आहे. पलंग बाहेर काढायला हे तयार नाहीत. लॅपटॉपला एचडीएमआय आणि दोन यूएसबी-सी दिसताहेत, बाकी काही नाही.

वैभव:
काही लॅपटॉपांत यूएसबी-सीमधून डिस्प्लेपोर्ट निघतो. मॉडेल नंबर पाठवा, मग बोलू. मी अजून पीसीच्याच बाजूने आहे.

श्रीरंग:
निघाला तरी तो ग्राफिक्स कार्डाला जोडलेला हवा, वैभव. नंबर मलाही पाठवा.