जाऊ वयानं लहान, नात्यानं थोरली. हाक काय मारायची?

जुळे सोलापूरची सून: माझे मिस्टर धाकटे, पण लग्न आमचं आधी झालं. आता थोरल्या दिरांचं झालं, ते सासूबाईंच्या सख्ख्या भाचीशी. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत ती मला ‘वैनी’ म्हणायची आणि मी तिला नावानं हाक मारायची. आता सासूबाई म्हणतात, ती थोरली जाऊ, तिला ताई म्हण. मला जड जातंय. बरोबर काय?

पंढरपूरकर: यात विचारायचं काय? दीर थोरला तर त्याची बायको थोरली. वय शाळेच्या दाखल्यावर बघायचं, घरात नाही. तुमचे मिस्टर तिला वहिनी म्हणणार ना? मग तुम्हीही वहिनीच म्हणा. आमच्याकडं सगळ्या जावा थोरलीला वहिनीच म्हणतात.

मंगळवेढ्याची अक्का: पंढरपूरकर, नवरा वहिनी म्हणतो म्हणून बायकोही वहिनी म्हणते, ही पद्धत पुष्कळ घरांत आहे, खरंय. पण तो नियम नव्हे. हाक वेगळी, नातं सांगणं वेगळं आणि मान वेगळा. जाऊ, नणंद, मेहुणा हे शब्द तिसऱ्या माणसाला सांगायचे: ‘ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई.’ ‘अगं नणंदे’ अशी हाक ओव्यांत ऐकली असेल, स्वयंपाकघरात नाही. तिथं थोरल्या नणंदेला ताई, अक्का, जुन्या घरांत वन्सं; धाकटीला नाव. वहिनी हा एकच शब्द सांगायलाही चालतो आणि हाकेलाही, म्हणून त्याच्यावरून भांडणं जास्त.

आता तुझंच घर बघ. कालपर्यंत ती तुझ्या नवऱ्याची मामेबहीण, म्हणजे तुझी मामेनणंद. आतेभावाची बायको म्हणून ती तुला वैनी म्हणायची. आता ती सख्खी जाऊ झाली, आणि एका माणसाशी दोन नाती आली की जवळचं धरतात. त्यामुळं चारचौघांत तिनं तुला वैनी म्हटलं तर ऐकणाऱ्याला तूच थोरली वाटणार. तिनं तुला ताई म्हणावं, वयाला धरून. तू घरात नावच घे, पण ‘अगं’ बंद कर, ‘अहो’ लाव. पाहुण्यांसमोर जाऊबाई म्हण. तुझ्या मिस्टरांना मात्र सुटका नाही. लहानपणी वेणी ओढली असली तरी आता वहिनीच.

मानाचं मात्र वयावर जात नाही. संक्रांतीला वाण लुटताना, आहेराची साडी देताना हळदीकुंकू आधी तिला. तिथं हात तुझ्याकडं आधी वळला तर सासूबाईंना लागेल. खरं तर त्यांचं दुखणं तेच असणार, ताई शब्दाचं नाही.

बार्शी नाका: आमच्यात मेहुण्याचा असाच घोळ झाला. बायकोचा भाऊ मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणाच. बस्त्याच्या यादीत चुलत्यांनी नुसतं ‘मेहुणे ३’ लिहिलं. दोघं बायकोचे भाऊ, तिसरे आमचे दाजी. तिघांना टॉवेल-टोपी! दाजींना पूर्ण पोशाख पाहिजे होता. ते जेवायला बसले, पण जिलेबीला हात लावला नाही. तेव्हापासून मी यादीत बहिणीच्या नवऱ्याला दाजीच लिहितो.

पंढरपूरकर: इथं जावेचं चाललंय, बार्शी नाका.

पूर्व भागवाला: आमच्या तेलुगू घरात हा प्रश्न जरा सोपा. थोरल्या भावाची बायको वदिना, नवऱ्याची थोरली बहीण वदिना, वयानं मोठी मामाची मुलगीही वदिना. मामाची मुलगी वयानं लहान असेल तर मरदलु. म्हणजे लग्न व्हायच्या आधीच वय शब्दात मोजलेलं असतं. जावेला तोडिकोडलु म्हणतात, पण तेही सांगण्यापुरतंच. हाक अक्का नाहीतर नाव. तरी थोरली वयानं लहान निघाली की आमच्याकडंही रुसवे होतातच.

पंढरपूरकर: अक्कांचं मानाचं पटलं. हाकेचं पटलं नाही. ‘अहो’ लावून नाव घेणं म्हणजे धड ना इकडं ना तिकडं. आज नाव घेतलं की पोरं उद्या तेच उचलणार.

जुळे सोलापूरची सून: पोरांचं आठवलं ते बरं झालं. माझा मुलगा तिला आत्या म्हणायचा, आता मोठी आई म्हणायला शिकवतोय. आणि ती स्वतः सासूबाईंना अजून आत्याच म्हणते, त्यांना ते चालतं! तिची जुनी हाक चालते, मग माझी का नाही?

मंगळवेढ्याची अक्का: कारण आत्या म्हणण्यात सासूचा मान कमी होत नाही. तरी हे सासूबाईंना विचारण्याआधी तिला विचार. तिलाच ‘ताई’ ऐकून कसंतरी होत असेल.

पंढरपूरकर: तिला विचारून काय उपयोग? ती नवी नवरी, ‘काहीही म्हणा’ म्हणणार.