खुब्याचं हाड: स्क्रू की गोळा?

«आजी ७८ वर्षांची, अंगणात घसरली. खुब्याचं हाड मानेत मोडलंय. स्क्रू टाकावेत की गोळा बदलावा?»

एक्स-रेत तुकडे सरकलेत का, ते आधी विचारा. गोळा म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक, मान म्हणजे त्याच्या लगेच खालचा अरुंद भाग. गोळ्याला रक्त मुख्यतः मानेवरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं. तुकडे सरकले की त्या तुटतात. मग स्क्रू टाकूनही बरेचदा हाड जुळत नाही किंवा गोळा सुकतो, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. लातूरला आमच्या आत्याचं तसंच होतं: पाय आखूड, पंजा बाहेर वळलेला. अर्धा सांधा, म्हणजे फक्त गोळा बदलला. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली. हाड जागेवरच असेल तर बहुधा स्क्रू पुरतात. आजी आधी एकटी बाजारात जात असेल, तर पूर्ण सांधा, म्हणजे गोळा आणि त्याची वाटी दोन्ही बदलण्याचंही विचारा. फक्त आठवडा घालवू नका. पडून राहिलं की छातीत कफ भरतो.