एकाच पत्रिकेत राहू दोन राशींत: मागच्या जन्माचं नेमकं कुठलं खरं धरू? (मदत हवी आहे)

सराफ्याचा_शेजारी (इंदूर):
धाकट्या बहिणीचा जन्म इंदूरचा, 2 जानेवारी 1999, सकाळी 8.20, शनिवार, पौष पौर्णिमा. स्थळं बघायला सुरुवात केली म्हणून आईनं पत्रिका दोघांना दाखवली. पहिले गुरुजी म्हणाले, राहू कर्केत, सप्तमात, आणि केतू मकरेत लग्नी. "मागच्या जन्मी ही एकटी, मनस्वी राहिली, संसार टाकला, या जन्मी जोडीदाराकडून शिकायचं आहे." दुसऱ्यांनी लॅपटॉपवर काढली तर राहू सिंहेत, अष्टमात आणि केतू कुंभेत. त्यांचं म्हणणं, मागच्या जन्मी माहेरच्या पैशात जीव अडकला होता. आई पहिलं ऐकून रडली, दुसरं ऐकून चिडली. माझा प्रश्न साधा आहे: राहू एकाच वेळी दोन राशींत कसा?

पोहेजलेबी:
अयनांशाचा फरक असणार. एकानं लाहिरी घेतला असेल, दुसऱ्यानं रामन. आमच्याकडे असाच घोळ झाला होता.

वडोदऱ्याची_काकू:
अरे बाबा, हा कालसर्प तर नाही ना? माझ्या जाऊबाईंना पूर्वजन्मीचा सर्पशाप सांगितला होता. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करून आलो, तेव्हा कुठे घरात शांतता झाली. तुम्हीही एकदा विचारून बघा.

जुनापंचांगवाला (ग्वाल्हेर):
काकू, शाप बाजूला ठेवा. पाराशरीत सर्पशापाचे जे योग दिलेत ते संततीसंबंधी आहेत, राहू पंचमात आणि त्यावर मंगळाची दृष्टी असे काहीसे. इथे राहू पंचमात नाहीच, कोणाच्याही हिशेबानं.

पोहेजलेबी, तुमची शंका रास्त आहे, पण ती तपासता येते. अयनांश बदलला तर एकटा राहू नाही, सगळेच ग्रह सारखे सरकतात. शेजारी, दोन्ही पत्रिकांत रवी किती अंशांवर आहे ते बघून सांगता का?

सराफ्याचा_शेजारी:
दोन्हीकडे धनु, 17 अंश. चंद्रही दोन्हीकडे मिथुनेत, आर्द्राच.

जुनापंचांगवाला:
मग अयनांश एकच आहे, फरक फक्त राहूचा. राहू हा गोळा नाही, चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला छेदते तो बिंदू. तो साधारण 18.6 वर्षांत उलट्या दिशेनं एक फेरी मारतो. पण सूर्याच्या ओढीनं तो थोडा डुलतो, कधी कधी दीडेक अंशापर्यंत. हे डुलणं काढून टाकलं की मध्यम राहू, ठेवलं की स्पष्ट राहू. सॉफ्टवेअरमध्ये Mean Node आणि True Node असा पर्याय असतो, तो कोणी फारसा उघडून बघत नाही.

तुमच्या बहिणीच्या दिवशी मध्यम राहू सिंहेत जेमतेम अर्धा अंश होता आणि स्पष्ट राहू कर्केत 29 च्या आसपास. दोन्ही गुरुजींचं गणित आपापल्या जागी बरोबर आहे. परंपरेत बहुतेक ठिकाणी मध्यमच घेत आले. मीही तोच घेतो, पण 'स्पष्ट चूक आहे' असं म्हणणार नाही.

पोहेजलेबी:
म्हणजे एक अंश इकडे तिकडे झाला की मागचा जन्म बदलतो? कमाल आहे भिया!

जुनापंचांगवाला:
म्हणूनच असल्या बिंदूवर कथा रचू नये, असं माझं मत. आणखी एक: लग्न मकरेचं साधारण साडेचार अंश येतं. चलित काढलं, म्हणजे भाव राशीनं न धरता लग्नाच्या अंशांवरून मोजले, तर सप्तम भाव कर्केच्या 22 अंशांच्या सुमारास संपतो, म्हणजे 29 अंशांचा राहूही अष्टमातच पडतो. भावाबद्दल दोघांत भांडण उरत नाही, फक्त राशीचं उरतं. चलित न मानणारे हे ऐकणार नाहीत, तो भाग वेगळा.

'केतू म्हणजे मागचा जन्म, राहू म्हणजे या जन्माचं ध्येय' ही सुटसुटीत जोडी प्रामुख्यानं विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य ज्योतिषातून पसरली. आपल्याकडे पूर्वपुण्य पंचमावरून बघतात. केतू मोक्षकारक आहे हे खरं, पण 'संसार टाकला' इतका तपशील त्यातून निघत नाही. शिवाय तिची जन्मतःची राहूची दशा साडेतीन वर्षांची होती, ती 2002 मध्येच संपली. आता शनी चालू आहे. केतूच्या दशेला बराच अवकाश आहे.

वडोदऱ्याची_काकू:
पण मुलीच्या आईला काय सांगायचं ते सांगा ना. तिला चलित थोडंच कळणार!

जुनापंचांगवाला:
त्याआधी जन्मवेळ विचारा, काकू. 8.20 कुठून आली? लग्नाचे साडेचारच अंश झालेत. वेळ 20 मिनिटं आधीची निघाली तर लग्न धनु होईल, आणि सगळे भाव बदलतील. राहूच्या एका अंशापेक्षा हे मोठं आहे.

सराफ्याचा_शेजारी:
आजीला विचारलं. ती म्हणते, "दूधवाला येऊन गेला होता, आणि तुझे आजोबा पोहे खात होते." दवाखान्याचा कागद आत्याकडे ट्रंकेत आहे म्हणे. रविवारी उघडतो.