'सर्कल बॅक' म्हणजे नक्की काय? (हापिसातले अनुभव लिहा)

सुमेधा_को
भाचीने काल मीम पाठवलं. घाण्याला जुंपलेला बैल, खाली 'लेट्स सर्कल बॅक'. हसले आणि जुनं आठवलं.

आमची कंपनी दुसरीत विलीन झाली तेव्हाची गोष्ट. टाउनहॉलमध्ये स्लाइडवर 'सिनर्जी' आणि शेजारी कोटींचा आकडा. व्हेंडर बिलं बघणारे आम्ही अकरा, तिकडे नऊ. मी विचारलं, दोन्ही टीम राहणार का? साहेब म्हणाले, "आय विल सर्कल बॅक." तो आकडा म्हणजे आमच्यातल्या निम्म्यांचे पगार होते. पुढच्या आठवड्यात मला यादी कळली, बोलायची बंदी होती. टीममधल्या पोराने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तेच आलं, सर्कल बॅक करते. त्याचं नाव यादीत होतं.

रात्रपाळीचा_राजा
मीम इकडे टाका की!

निखिल_हिंजवडी
ताई 😔
आमच्याकडची खूण सांगतो. मिनिट्समध्ये त्या वाक्यापुढे कुणाचं नाव आणि तारीख पडली तर काम होणार. नाहीतर पुरलं. मी स्वतः म्हणतो ते उत्तर माहीत नसतं म्हणून. क्लायंटसमोर 'माहीत नाही' म्हटलं की मॅनेजर नंतर तासभर घेतो.

कारकून_नं_१
तुम्ही इंग्रजीत करता, आमच्याकडे फायलीवर शेरा येतो, 'चर्चा करावी'. चर्चा कोणी, कधी, ते नाही. फाईल खाली आली की परत वर पाठवायची. एका फाईलवर तीनदा बघितलाय, तिन्ही वेळा साहेब वेगळे.

रात्रपाळीचा_राजा
ईओडीचं बोला कुणीतरी. न्यूयॉर्कवाला 'बाय ईओडी' म्हणतो, त्याचे संध्याकाळचे ५ म्हणजे हिवाळ्यात आपले पहाटेचे साडेतीन. मी संध्याकाळी ७ ला पाठवून झोपलो, तिकडे दिवस नुकताच उजाडला होता. त्याने बदल सांगितले आणि वर 'क्विक वन'!

अवधूत
सिनर्जी जपानी मॅनेजमेंटमधून आलंय ना, कायझेनसारखं?

मेडिकलवाले_काका
नाही हो, मुळात ग्रीक. आमच्या धंद्यात रोजचा शब्द. कोट्रायमॉक्साझोलच्या गोळीत दोन औषधं, जंतूच्या एकाच वाटेवरच्या दोन पायऱ्या अडवतात, म्हणून एकेकट्यापेक्षा जोर जास्त. पण तिथे दोन्ही औषधं गोळीत राहतात, एकाला नारळ देत नाहीत 😄

सुमेधा_को
काका 😂 स्लाइडवर हे लिहायला हवं होतं.

निखिल_हिंजवडी
ताई, त्या मुलाला नंतर सांगितलंत का?

सुमेधा_को
नाही. पत्र मिळाल्यावर तो जागेवर आला, चार्जर मागितला, घेऊन गेला. चार्जर माझाच होता.

केतकी_आई
डबा भरतेय, नंतर सविस्तर लिहिते. (सर्कल बॅक नाही, खरंच!)

रात्रपाळीचा_राजा
तारीख टाका वहिनी.