अनुभव धागा: हात पुढे करायचा की जोडायचा?

डिचोलीकर: चवथीला माटोळीखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होतो. 2019 पर्यंत दारातूनच हात पुढे करणारी बँकेतली, कचेरीतली मंडळी आता चप्पल काढता काढताच नमस्कार करतात. कोविडची धास्ती तर कधीच गेली, मग हे टिकलं कसं? आणि समोरचा माणूस बघून हात द्यायचा की जोडायचा हे तुम्ही कसं ठरवता? गोव्यातल्यांनी सांगा.

कांदोळीची रिसेप्शनिस्ट: हॉटेल पुन्हा उघडलं तेव्हा आम्हाला कोपराला कोपर लावायला शिकवलं होतं. ते फार दिवस चाललं नाही. कोपर लावायचं म्हणजे इतकं जवळ जावं लागतं की मास्कमागचा लसणाचा वास येतो! नमस्कार दोन हात लांबूनही होतो, म्हणून तो राहिला. पण त्यालाही वेळ साधावी लागते. पाहुणा काचेच्या दारातून आत येऊन अजून तीन-चार पावलं लांब असतो, तेव्हाच मी हात जोडून हसते, मग तोही आपसूक जोडतो. बॅगांची मोजदाद करत बसले की तोवर त्याचा हात पुढे आलेला असतो, आणि त्यासमोर हात जोडले तर नकार दिल्यासारखं दिसतं. अशा वेळी मी सरळ हात मिळवते. सॅनिटायझर काऊंटरखाली असतोच, पण त्याच्यादेखत लावत नाही.

फोंड्याचा अण्णा: अहो, कोरोना पसरलाच मुळी हस्तांदोलनाने. आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं.

लॅबवाली: अण्णा, पूर्वजांचं मला माहीत नाही, पण कोरोना मुख्यतः श्वासातून पसरला. वस्तूंना हात लागून लागण होण्याचा धोका फार कमी असल्याचं अमेरिकेच्या सीडीसीनेही 2021 मध्ये सांगितलं. म्हणजे लांबून नमस्कार करायचा आणि मग अर्धा तास नाकासमोर नाक आणून गप्पा मारायच्या, याने त्या बाबतीत काही साधत नाही. हात न मिळवण्याचा खरा फायदा सर्दी, जुलाब-उलट्या आणि डोळे येण्याच्या साथीत. 2023 च्या पावसाळ्यात डोळे आले होते ते आठवा. वेल्समध्ये 2014 साली हातमोज्यांना जिवाणू लावून प्रयोग केला होता. मुठीला मूठ टेकवली तेव्हा हस्तांदोलनाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे जिवाणू पलीकडे गेले. आणि सॅनिटायझरवर फार विसंबू नका. उलट्यांच्या काही विषाणूंवर तो नीट चालत नाही, तिथे साबणच हवा.

आंतोन, फोंडा: मी मराठी शाळेत शिकलेला ख्रिस्तांव. आमच्या मिसात एकमेकांना शांती देताना हात जोडतात, ते काही कोविडने आणलेलं नाही. 1969 साली रोमने भारतासाठी बारा बदल मान्य केले, त्यातलाच हा एक. त्याच्याही आधीपासून घरात तेर्स संपला की आम्ही पोरं हात जोडून थोरांकडे बेसांव मागायचो. त्यामुळे नमस्कार आम्हाला परका कधीच नव्हता. पण लग्नात? 2021 मध्ये मंडळी लांबूनच मान हलवत होती. आता टोस्ट झाला की गालाला गाल लावायला रांग! तिथे हात जोडून उभा राहिलो तर मावशी विचारते, "रागावलास की काय रे?"

सुनंदा: म्हणजे सुनांनी पाया पडणं बंद करावं असं म्हणताय का? आमच्याकडे हे चालायचं नाही.

डिचोलीकर: नाही हो सुनंदाताई, तो विषयच नाही इथे!

म्हापश्याचा मेकॅनिक: माझे हात दिवसभर ऑइलचे. गिऱ्हाईकाने हात पुढे केला की मी मनगट पुढे करायचो, तो बिचारा ते धरून हलवायचा. कोविडपासून उजवा हात छातीवर ठेवतो (शर्टाला नावापुरता टेकवून) आणि मान थोडी लववतो. घरी सलाम करताना तसंच करतो, त्यामुळे वेगळं काही शिकावं लागलं नाही. हिंदू असो, ख्रिस्तांव असो, रशियन असो, सगळ्यांना चालतं.

लॅबवाली: जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीही मार्च 2020 मध्ये हेच सुचवलं होतं. कोपर लावायला एक मीटरच्या आत यावं लागतं, म्हणून हात छातीवर ठेवा, असं.

पणजीचा टेलिफोन ऑपरेटर: मी दृष्टिहीन आहे. तुमचे हे सगळे प्रकार मला दिसत नाहीत. आधी लोक हात हातात द्यायचे, पकडीवरून माणूस ओळखायचो. आता समोर कोणीतरी हात जोडून उभं असतं आणि मी भलतीकडे तोंड करून. वर "ओळख दाखवली नाही" म्हणून त्यांचाच रुसवा.

डिचोलीकर: हे डोक्यातच आलं नव्हतं. नाव सांगून मोठ्याने "नमस्कार" म्हटलं तर पुरतं का?

पणजीचा टेलिफोन ऑपरेटर: माणूस कळायला पुरतं. पण मला विचाराल तर हातच द्या. साबणाने धुऊन या म्हणजे झालं.

फोंड्याचा अण्णा: मी अजूनही म्हणतो, पूर्वजांना ठाऊक होतं.