शब्दचर्चा : सोफ्याचा ‘दृष्टिकोन’ चुकतो, त्याला मराठीत काय म्हणायचं?

सानिका_पुणे
मी फर्निचरच्या एका शोरूमसाठी काम करते. गिऱ्हाईक आपल्या हॉलचा फोटो पाठवतं आणि आमची दोन मुलं कॅटलॉगच्या फोटोतला सोफा कापून त्यात बसवून देतात. त्या मुलांसाठी मराठीत सूचना लिहायच्या आहेत. बाहेरून करून घेतलेल्या भाषांतरात पहिलंच वाक्य असं आहे : ‘उत्पादनाचा दृष्टिकोन ग्राहकाच्या दृष्टिकोनाशी जुळवा.’ मुलं म्हणाली, ताई, गिऱ्हाईकाशी भांडू नका असं लिहिलंय का?
पर्स्पेक्टिव्हला नेमका शब्द हवाय. आणि स्केलला ‘प्रमाण’ लिहू की ‘माप’?

निरा
दृष्टिकोन म्हणजे विचार करण्याची बाजू. चित्रातल्या पर्स्पेक्टिव्हला ‘यथादर्शन’ हा चांगला रुळलेला शब्द आहे, काही जण ‘यथार्थदर्शन’ म्हणतात. माप आणि प्रमाण वेगळे. सोफा ८४ इंच हे माप. फोटोत तो दाराच्या मानाने केवढा दिसतो ते प्रमाण. तुमच्या कामात माप ठाऊक असतं, शोधायचं असतं ते प्रमाण.

मंजिरी_डोंबिवली
विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आम्ही ऑनलाइन सोफा मागवला तेव्हा मराठी पानावर ‘खोली ३६ इंच’ लिहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, छत्तीस इंचांच्या खोलीत राहतं कोण? तीन दिवस आम्ही त्यांना समजावत होतो. शेवटी सोफा आला तो लिफ्टमध्ये मावेना, पाच मजले जिन्याने चढवला. हे फोटोवाले लिफ्टचाही फोटो का मागत नाहीत?

सानिका_पुणे
मंजिरीताई, लिफ्टचं खरंच मनावर घेते. पण खोलीचा घोळ आमच्याकडेही आहे. ‘खोलीत सोफ्याची खोली नीट दिसली पाहिजे’ हे वाक्य मीच लिहिलंय.

सुतारपोर
आमच्या कारखान्यात कुणी खोली म्हणत नाही, डेप्थ म्हणतात. लांबी, डेप्थ, उंची. विषय संपला.
आणि प्रमाणाचं एवढं काय अवघड आहे? मागच्या भिंतीत दार असतंच. दार सात फूट, सोफा सात फूट. फोटोतलं दार जेवढं उंच दिसतं तेवढाच सोफा लांब करायचा. दार आडवं पाडा आणि सोफा त्यावर मापून घ्या.

ड्रॉइंगचे_सर
सुतारपोर, अर्धं बरोबर आहे. पण तुमचं दार भिंतीत आहे आणि सोफ्याचे पुढचे पाय भिंतीपासून तीन फूट अलीकडे. जवळचं मोठं दिसतं, त्यामुळे भिंतीवरचं माप पुढच्या पायांना लावलं की सोफा लहान पडतो. किती लहान, ते हिशोबाने दाखवतो. सानिकाताई, एखाद्या फोटोतले आकडे देता का? फरशीच्या सांध्यांच्या रेघा लांबवल्यावर कुठे मिळतात, दाराचं बूड कुठे आणि माथा कुठे, एवढं पुरे.

सानिका_पुणे
सर, हा कालचाच फोटो, ४००० रुंद आणि ३००० उंच. वरून मोजलं तर फरशीच्या रेघा १३०० पिक्सेलवर मिळतात. दाराचा माथा ९५० वर, बूड २००० वर. गिऱ्हाईकाला टेप लावायला सांगितलं होतं, दार बरोबर ८४ इंच आहे. सोफा ८४ लांब, ३६ डेप्थ (शरण आले), आणि गिऱ्हाईकाला तो भिंतीला जवळपास टेकवून हवाय.

ड्रॉइंगचे_सर
उत्तम. या १३०० वरून एक आडवी रेघ मारा. फोटो काढताना मोबाइल ज्या उंचीवर होता, ती उंची खोलीत सगळीकडे याच रेघेवर दिसते. भिंतीवर, पडद्यावर, समोरच्या माणसावर, कुठेही. दाराची पूर्ण उंची १०५० पिक्सेल आणि बुडापासून या रेघेपर्यंत ७००, म्हणजे दोन तृतीयांश. ८४ चे दोन तृतीयांश ५६. मोबाइल जमिनीपासून ५६ इंचांवर धरला होता.
आता दार विसरा. जमिनीवरचा कुठलाही बिंदू घ्या. त्या बिंदूपासून सरळ वर रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे त्या जागेवरचे ५६ इंच. भिंतीपाशी ७०० पिक्सेल म्हणजे ५६ इंच, तेव्हा एका इंचाला साडेबारा पिक्सेल. पुढचे पाय तुम्ही २१४० वर टेकवलेत असं धरू. तिथून रेघ ८४० पिक्सेलवर, म्हणजे इंचाला १५. सोफ्याची पुढची कड ८४ गुणिले १५, १२६० पिक्सेल हवी. सुतारपोरांच्या आडव्या दाराने ती १०५० येते. तेवढा सोफा त्या जागेवर ७० इंचांचा वाटेल. गिऱ्हाईक म्हणणार, वा, शेजारी कॉर्नर टेबलही मावतंय.

सुतारपोर
हे मात्र आमच्याकडे झालंय. फोटोत टेबल मावलं, घरी नाही मावलं. तेव्हा मी गिऱ्हाईकालाच खोटं पाडलं होतं. पण २१४० कुठून आणलंत, ते सांगा की.

ड्रॉइंगचे_सर
फरशीवरून. फरशी २ बाय २ फुटांची असेल तर भिंतीपासून दीड फरशी अलीकडे आणि मागे बोटभर फट. हाच ताळा लांबीलाही लावा. १२६० पिक्सेलची कड पुढच्या ओळीत साडेतीन फरश्या व्यापायला हवी. नाही व्यापली तर दाराचं माप तरी चुकलंय नाही तर फरशी २ बाय २ ची नाही. आणि दार ‘सात फुटीच असतं’ असं धरून चालू नका, तीन इंचांचा फरक असला तर सोफाही तीन इंचांनी चुकतो.
ही युक्ती जुनी आहे. इटलीत आल्बेर्ती नावाच्या वास्तुकाराने १४३५ साली चित्रातल्या माणसाच्या उंचीला तीन ब्राच्चो, म्हणजे तिथले तीन हात, धरून फरशीवरची चित्रं मापात आणली, तेच हे.

निरा
मग या रेघेला शब्द काय? ‘क्षितिजरेषा’ म्हणतात, पण डोंबिवलीच्या हॉलमध्ये क्षितिज कुठलं! ‘दृष्टिरेषा’ मला पटत नाही, ती डोळ्यापासून वस्तूपर्यंत जाणारी रेषा वाटते. ‘नेत्रपातळी’?

ड्रॉइंगचे_सर
आम्ही वर्गात ‘डोळ्याची पातळी’च म्हणत आलो. आणि रेघा जिथे मिळतात तो ‘लोपबिंदू’.

सानिका_पुणे
डोळ्याची पातळी लिहिली तर मुलं स्वतःच्या डोळ्याची उंची धरतील. मोबाइल कुणी छातीशी धरतं, कुणी डोक्यावर. मी ‘मोबाइलची पातळी’ लिहू का?

निरा
वाचायला कसंतरीच, पण चुकणार कुणी नाही.

वऱ्हाडी_शटर
मी कॅटलॉगचे फोटो काढतो, म्हणून मध्ये बोलतो. सरांचा हिशोब बरोबर असूनही सोफा वाकडा दिसू शकतो बरं का. आम्ही सोफा साधारण ३० इंचांवरून, लांबून काढतो. तसा तो भारदस्त दिसतो. तुमच्या गिऱ्हाईकाचा मोबाइल ५६ वर. वरून पाहिलं की बैठक जास्त दिसायला पाहिजे, ती आमच्या फोटोत नसतेच. मग सोफा पुढे घसरल्यासारखा दिसतो. अशा सोफ्याला आम्ही ‘अधांतरी’ म्हणतो. मुलं सावली घालून घालून थकतात, पण तो टेकत नाही.

सानिका_पुणे
अगदी हेच! मुलांना वाटतं सावली चुकली. ते उभा ताणूनही बघतात.

वऱ्हाडी_शटर
ताणून काय होणार? बैठकीसोबत समोरचा पाटाही उंच होतो. सर, तुमच्याच आकड्यांत सांगा ना.

ड्रॉइंगचे_सर
बैठक १८ इंच उंच आणि २४ इंच आत जाणारी धरू. सानिकाताईंच्या फोटोत तिची वरची बाजू साधारण ६४ पिक्सेल जाडीची दिसायला हवी. तुमच्या कॅमेऱ्याने, ३० इंचांवरून आणि १५ फुटांवरून, तेवढ्याच मोठ्या सोफ्यात ती २१ च्या आसपास भरेल. तिसरा हिस्सा. जो भाग कॅमेऱ्याला दिसलाच नाही तो ताणून येत नाही, ताणली तर तीच २१ ची चिंधी लांबते.

मंजिरी_डोंबिवली
मग ते कॅमेरा फिरवून जमिनीवर सोफा ठेवणारं अ‍ॅप असतं ना, २०१७ च्या सुमारास आयकियाने आणलेलं, तसंच वापरा की. माझ्या भाच्याने त्याच्याने खुर्ची गॅसच्या शेगडीवर ठेवली होती.

वऱ्हाडी_शटर
त्यात फोटो नसतो ताई, वस्तूची त्रिमितीय प्रतिकृती असते, म्हणून ती कुठूनही दिसू शकते. सानिकाताईंकडे एकाच बाजूचा एक फोटो आहे.

सानिका_पुणे
शंभर मॉडेलांच्या प्रतिकृती करून घ्यायला मालक तयार नाहीत. मग उपाय?

वऱ्हाडी_शटर
गिऱ्हाईकालाच सांगा : खुर्चीवर बसून, मोबाइल कोपरांच्या उंचीवर धरून फोटो काढा, आणि जमेल तितकं मागे सरका. आमच्या ३० इंचांच्या जवळ येतं ते. ‘०.५’ वाली भिंग मात्र नको. कडेच्या वस्तू तिच्यात ताणल्या जातात, आणि तुमचा सोफा कडेला आला तर एकटाच न ताणलेला दिसतो.

ड्रॉइंगचे_सर
आणि मोबाइल वर-खाली झुकवू नका. झुकवला की दाराच्या दोन्ही चौकटी ओळंब्यात राहत नाहीत, वर नाही तर खाली जवळ येतात. मग माझा सरळ वर मोजायचा हिशोब लागू होत नाही.

सुतारपोर
‘ओळंब्यात’ लिहा सूचनेत. तो शब्द आमच्या पोरांना लगेच कळतो. यथादर्शनाचं माहीत नाही.

सानिका_पुणे
लिहिते. आत्तापर्यंतचा मसुदा : ‘सोफा फोटोत बसवण्याआधी मोबाइलची पातळी शोधा. पुढचे पाय जिथे टेकतात तिथून या पातळीपर्यंत मोजा, भिंतीवर मोजू नका. चौकट ओळंब्यात नसेल किंवा कॅटलॉगच्या सोफ्याची बैठक फारच कमी दिसत असेल, तर गिऱ्हाईकाकडून बसून काढलेला नवा फोटो मागवा.’ यथादर्शन हा शब्द फक्त शीर्षकात ठेवलाय.

निरा
‘बसवण्याआधी’ आणि ‘बसून काढलेला’ एका परिच्छेदात नको. पहिल्या ठिकाणी ‘ठेवण्याआधी’ करा.

सानिका_पुणे
‘ठेवणे’ म्हटलं की मुलं नुसता डकवतात, ‘बसवणे’ म्हटलं की मापात बघतात. तो शब्द मला राखायचाय.

मंजिरी_डोंबिवली
मग ‘खुर्चीवरून काढलेला’ लिहा. पण नको, ‘खुर्चीवर चढून’ असं वाचतील, आमच्याकडे तरी नक्की वाचतील.

वऱ्हाडी_शटर
एक विचारायचं राहिलं. सोफ्याच्या पायाखाली जी बारीक, काळी सावली असते, जिच्याने तो टेकलेला वाटतो, तिला आमच्या स्टुडिओत कॉन्टॅक्ट शॅडो म्हणतात. मी ‘टेकसावली’ म्हणून पाहिलं, पण असिस्टंट हसतो. कुणाकडे दुसरा शब्द आहे का?

सुतारपोर
टेकसावली चालेल की. हसू दे.